बर्फात हरवणारा क्रॉसहेअर

व्हॅलोरंट या खेळात आइसबॉक्स नावाचा मॅप आहे. उत्तर ध्रुवाजवळचं एक बेट, गोठलेलं बंदर, रंगीबेरंगी कंटेनर आणि त्यांच्या आजूबाजूला, छपरांवर, कठड्यांवर साचलेला बर्फ. हा मॅप २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आला. याच मॅपवर अनेक खेळाडूंचा एक ठरलेला घात होतो. कंटेनरच्या सावलीतून बाहेर पडेपर्यंत पडद्याच्या मध्यावरचं फिकट निळं चिन्ह लख्ख दिसत असतं. बाहेर पडून नजर बर्फाळ भिंतीकडे गेली की ते दिसेनासं होतं. ते जागेवरच असतं, फक्त मागच्या पांढऱ्यात मिसळून जातं. समोरून कोणी आलं तर आधी स्वतःचा नेम कुठे आहे हे शोधावं लागतं आणि तेवढ्यात खेळ संपलेला असतो.

ज्यांच्या घरात हा खेळ चालतो पण ज्यांनी स्वतः कधी खेळला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख. व्हॅलोरंट हा रायट गेम्स या कंपनीचा कॉम्प्युटरवरचा नेमबाजीचा खेळ, २ जून २०२० रोजी सर्वांसाठी खुला झाला. पाच जणांचे दोन संघ असतात आणि जो आधी तेरा राउंड जिंकतो तो विजयी. पडद्याच्या बरोबर मध्यावर चार छोट्या रेघांचं अधिक चिन्हासारखं एक चिन्ह कायम असतं, त्याला क्रॉसहेअर म्हणतात. गोळी कुठे जाणार हे त्यावरून कळतं. या खेळात व्हॅंडल नावाची रायफल आहे. तिची गोळी डोक्यात लागली की एकाच गोळीत समोरचा पडतो, मग अंतर कितीही असो. त्यामुळे चांगला खेळाडू शत्रू दिसल्यावर नेम धरत नाही. शत्रूचं डोकं जिथे येणार तिथे क्रॉसहेअर आधीच नेऊन ठेवतो. हे करायचं तर तो क्रॉसहेअर कुठे आहे हे नजरेच्या कोपऱ्यालाही सतत कळत राहिलं पाहिजे. तो शोधावा लागला तर सगळा डाव फसतो.

बहुतेक खेळाडू यावर एकच उपाय करतात, रंग बदलतात. हिरवा नाही चालला म्हणून पिवळा, पिवळा नाही चालला म्हणून गुलाबी. माझं स्पष्ट मत असं की सगळ्या मॅपवर टिकणारा एकटा रंग जगात नाही आणि तो शोधत बसण्यात अर्थ नाही. रंगाच्या भोवती काळी कड पूर्ण गडद करून लावली तर मात्र जवळपास कुठलाही उजळ रंग चालतो. खेळाच्या सेटिंगमध्ये या कडेला आउटलाइन म्हणतात. हे असं का, ते थोडं आकडे मांडून पाहू.

आपल्या डोळ्याला बारीक रेघ दिसते ती मुख्यतः उजेड आणि अंधार यांच्या फरकामुळे. रंगाचा फरक मोठ्या पृष्ठभागावर चटकन कळतो, पण वस्तू जितकी बारीक तितकी रंगाची मदत कमी होत जाते. शिवाय नजरेच्या अगदी केंद्रबिंदूवर, जिथे आपण एकाग्रतेने पाहतो, तिथे निळा रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. क्रॉसहेअर म्हणजे पडद्याच्या मध्यावरच्या चार बारीक रेघा, म्हणजे नेमकी हीच अडचणीची जागा. म्हणून ‘वाळू तपकिरी आणि रेघ निळसर, म्हणजे दिसणारच’ असा हिशेब इथे अपुरा पडतो. रेघ आणि मागचा भाग यांच्या उजळपणात किती फरक आहे हे आधी पाहावं लागतं.

हा फरक मोजायची एक प्रचलित पद्धत आहे. वेबसाइटवरची अक्षरं आणि चिन्हं सगळ्यांना नीट दिसावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ती ठरवून दिली आहे. दोन रंग घ्यायचे, प्रत्येकाचा उजळपणा काढायचा आणि त्यांचं गुणोत्तर मांडायचं. दोन्ही रंग एकसारखे उजळ असतील तर उत्तर १ येतं. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं असेल तर २१ येतं. चित्रं आणि चिन्हं ओळखू यावीत यासाठी निदान ३ असावं, अशी त्या संस्थेची शिफारस आहे. ही पद्धत खेळांसाठी बनवलेली नाही, पण आपल्या कामापुरती ती उत्तम आहे.

आता क्रॉसहेअरसाठी सगळ्यांचा लाडका रंग घेऊ, सायन. आकाशी आणि हिरव्याच्या मधला हा झगझगीत रंग व्हॅलोरंटच्या तयार रंगांच्या यादीत आहे. मागे काय असेल याचे तीन नमुने मी उदाहरणादाखल धरले आहेत: उन्हातल्या वाळूच्या भिंतीचा बदामी रंग, बर्फाचा निळसर पांढरा आणि बोगद्यातल्या कोपऱ्याचा करडा-काळा. अंधाऱ्या कोपऱ्यात सायनचं गुणोत्तर साडेबाराच्या आसपास येतं, म्हणजे तिथे काही प्रश्नच नाही. वाळूच्या भिंतीवर ते पावणेदोनपर्यंत घसरतं. बर्फावर उरतं जेमतेम १.०७. उजळपणाच्या दृष्टीने तिथे रेघ आहे की नाही हे डोळ्याला जवळपास कळतच नाही, आणि रंगाचा जो थोडा फरक उरतो तो इतक्या बारीक रेघेत पुरत नाही. आइसबॉक्सवर होणारा घात तो हाच.

मग लाल घ्यावा का? बर्फावर लाल ३.४ पर्यंत जातो, म्हणजे पास. पण वाळूच्या भिंतीवर तो १.८ वर येतो, सायनच्याच पंक्तीत. पांढरा वाळूवर २.२ देतो आणि बर्फावर तर त्याचं काय होणार हे सांगायला नको. कुठलाही एक रंग घ्या, एखाद्या मॅपवर तो उघडा पडतोच.

आता त्याच सायनला काळी कड लावा. वाळू आणि काळी कड यांचं गुणोत्तर साडेनऊ. बर्फ आणि काळी कड यांचं जवळपास अठरा. आणि कडेच्या आतली सायन रेघ काळ्यावर उठून दिसते ती साडेसोळाच्या पुढे. अंधाऱ्या कोपऱ्यात काळी कड दिसत नाही हे खरं, तिचं गुणोत्तर तिथे १.३ च आहे. पण तिथे कडेची गरजच नसते, कारण सायन स्वतःच तळपत असतो. उजेडात कड काम करते आणि अंधारात रंग काम करतो. मागे काहीही आलं तरी दोघांपैकी एक जण जागेवर उभा असतो. चित्रपटाच्या सबटायटलची पांढरी अक्षरं काळ्या काठाने बांधलेली असतात ती याच कारणासाठी. पुढच्या दृश्यात रात्र असेल की वाळवंट, हे अक्षरांना आधी माहीत नसतं.

इथे एक बारकावा आहे आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. व्हॅलोरंटमध्ये कड मुळातच सुरू असते, पण ती अर्धपारदर्शक असते. तिची अपारदर्शकता `0.5` ठेवलेली असते. अर्धपारदर्शक काळा म्हणजे मागच्या वाळूत मिसळलेला तपकिरी. त्याचं वाळूशी गुणोत्तर साडेनऊऐवजी ३.३ च्या आसपास येतं, म्हणजे फायदा जवळपास एक तृतीयांश. ‘कड लावून पाहिली, काही फरक पडत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलांची सेटिंग उघडून पाहिली तर हाच आकडा तसाच राहिलेला दिसतो. तो `1` केला की कड खरी काळी होते.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये `Crosshair` नावाचा भाग असतो. तिथे आधी नवं प्रोफाइल तयार करावं, म्हणजे जुना क्रॉसहेअर शाबूत राहतो आणि मन बदललं तर परत जाता येतं. रंगात सायन निवडावा. `Outlines` सुरू ठेवावं, `Outline Opacity` `1` आणि `Outline Thickness` `1` करावं. कडेची जाडी याहून वाढवायचा मोह टाळावा. जाड कड रेघेला गिळते आणि मग दुरून रंग दिसायच्या ऐवजी काळा ठोकळाच दिसतो.

त्याखाली चार रेघांचे आकडे येतात. त्यांना `Inner Lines` म्हटलं आहे. अपारदर्शकता, लांबी, जाडी आणि मध्यापासूनचं अंतर, याच क्रमाने ते मांडलेले असतात. म्हणून मुलं आपसांत बोलताना ‘एक-चार-दोन-दोन’ असं म्हणतात. म्हणजे रेघ पूर्ण भरीव, लांबी ४, जाडी २, मध्यापासून अंतर २. सुरुवातीला हाच आकार ठेवावा असं मी सुचवेन. याच्या बाहेर आणखी चार रेघा असतात, `Outer Lines`. त्या बंद कराव्यात. त्या फिकट असतात, दिसायला उपयोगी पडत नाहीत आणि नजर मात्र फाकवतात.

हे सगळं एकेक करून बदलायचा कंटाळा असेल तर खेळात कोड चिकटवायची सोय आहे. वर सांगितलेल्या क्रॉसहेअरचा कोड असा होतो:

```
0;P;c;5;o;1;f;0;0l;4;0o;2;0a;1;0f;0;1b;0
```

पहिल्या नजरेला हा मंत्र वाटेल, पण तो वाचता येतो. `c;5` म्हणजे सायन. `o;1` म्हणजे कड पूर्ण गडद. `0l;4` ही आतल्या रेघेची लांबी, `0o;2` हे मध्यापासूनचं अंतर आणि `0a;1` म्हणजे रेघ पूर्ण भरीव. `1b;0` म्हणजे बाहेरच्या रेघा बंद. जाडी २ ही खेळाने मुळातच ठेवलेली असल्यामुळे ती कोडमध्ये लिहावी लागत नाही. जी गोष्ट मूळ सेटिंगप्रमाणे आहे तिचा कोडमध्ये उल्लेख नसतो, हे एवढं लक्षात ठेवलं की कोणाचाही कोड उलगडतो.

हे उलगडणं का यायला हवं, तेही सांगतो. नामांकित खेळाडूंचे क्रॉसहेअर कोड मुलं हौसेने उतरवून घेतात. त्यातल्या अनेक कोडमध्ये `h;0` ही अक्षरं असतात. त्याचा अर्थ कड बंद. दिवसभर सराव करणारा खेळाडू उत्तम मॉनिटरवर, ठरावीक उजेडात, पडद्यापासून ठरलेल्या अंतरावर बसतो. प्रत्येक मॅपची प्रत्येक भिंत त्याच्या हाताला पाठ असते. त्याला कड नको वाटते कारण कडेविना चिन्ह आणखी बारीक आणि नेमकं राहतं. त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. पण तोच कोड घरातल्या लॅपटॉपवर, मागे ट्यूबलाइट असताना वापरला की बर्फावर नेम सापडत नाही. कोड घ्यावा, आवडतं चिन्ह जरूर घ्यावं, आणि चिकटवण्याआधी त्यातलं `h;0` तेवढं काढून टाकून `o;1` घालावं.

आकाराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दिसणं आणि झाकणं यांची इथे ओढाताण असते. क्रॉसहेअर मोठा केला की तो चटकन दिसतो, पण दूरच्या शत्रूचं डोकं त्याच्याच रेघांखाली लपतं. लांबच्या गल्लीत उभ्या असलेल्या शत्रूचं डोकं पडद्यावर अगदी लहान दिसतं. म्हणून चार रेघांच्या मधली मोकळी जागा अशी असावी की लांबचं डोकं तिच्यात मावेल, आणि इतकीही मोठी नको की मध्य नेमका कुठे ते अंदाजाने ठरवावं लागेल. कड लावली की हा हिशेब बदलतो, आणि ही गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. कड रेघेच्या चारही बाजूंनी येते. म्हणजे जाडी २ ची रेघ प्रत्यक्षात ४ इतकी रुंद होते आणि आतली मोकळी जागाही दोन्ही बाजूंनी एकेकाने आक्रसते. अंतर ० किंवा १ ठेवून कड लावली तर चारही काळ्या कडा मध्यावर एकमेकींना भिडतात आणि जिथे डोकं दिसायला हवं नेमक्या तिथे काळा डाग तयार होतो. कड लावल्यावर चिन्ह मळकट दिसू लागलं तर रंगावर संशय घेऊ नये, अंतर एकाने वाढवून पाहावं.

ज्यांना अगदी सडपातळ चिन्ह आवडतं त्यांनी जाडी १ करावी. कड धरून ती ३ होते आणि बघायला छान दिसते. मात्र १९२० बाय १०८० च्या पडद्याला बरोबर मधला असा एक ठिपका नसतो, कारण दोन्ही आकडे सम आहेत. त्यामुळे एक ठिपका जाडीची रेघ मध्याच्या किंचित एका बाजूला बसते. खेळताना त्याने काही बिघडत नाही, पण क्रॉसहेअर वाकडा आहे म्हणून तासन्‌तास सेटिंग चाळणारे असतात, त्यांच्यासाठी हे सांगितलं. मध्ये ठिपका ठेवण्याचीही सोय आहे. ठिपक्यालाही कड लागते आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा होतो. लांबचं डोकं तो हमखास झाकतो, त्यामुळे चार रेघा असताना मला तो अनावश्यक वाटतो.

आता रंगाकडे परत येऊ. कड असली की कुठलाही उजळ रंग चालतो असं म्हटलं खरं, पण काही रंग तरीही टाळावेत. पहिला लाल. व्हॅलोरंटमध्ये शत्रूच्या आकृतीभोवती मुळात लाल झळाळी असते. लाल क्रॉसहेअर त्या लालावर नेला की नेमका ज्या क्षणी तो दिसायला हवा त्याच क्षणी दोन लाल एकमेकांत मिसळतात. शत्रूभोवतीचा हा रंग बदलता येतो. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी पिवळा आणि निळा-पिवळा ज्यांना नीट कळत नाही त्यांच्यासाठी जांभळा, असे पर्याय आहेत. रंग ओळखण्यातली ही अडचण पुरुषांमध्ये जास्त आढळते आणि अनेकांना ती स्वतःला आहे हे माहीतही नसतं. त्यामुळे हे पर्याय एकदा लावून पाहायला हरकत नाही. पिवळ्यात शत्रू जास्त ठसठशीत दिसतो असं म्हणून रंगदृष्टी उत्तम असलेलेही पुष्कळ जण तो वापरतात. यातून क्रम असा ठरतो की आधी शत्रूचा रंग पक्का करावा आणि मग क्रॉसहेअरला त्याच्यापासून लांबचा रंग द्यावा. शत्रू लाल किंवा पिवळा असेल तर सायन. शत्रू जांभळा असेल तर गुलाबी नको, सायन किंवा हिरवा घ्यावा.

टाळायचा दुसरा रंग गडद निळा. तो तयार यादीत नाही, पण २०२२ पासून सहा अक्षरांचा कोड देऊन हवा तो रंग करता येतो आणि तिथे काही जण `0000FF` लिहून बसतात. निळ्याचा उजळपणा इतका कमी असतो की काळ्या कडेच्या आत तो दिसत नाही, अंधारातही दिसत नाही, आणि नजरेच्या केंद्राला तर निळा मुळातच पारखा. कड आणि रंग यांची जोडी चालते ती रंग उजळ असेल तरच.

तिसरा हिरवा, आणि तो मॅपवर अवलंबून आहे. जानेवारी २०२३ मध्ये लोटस नावाचा मॅप आला. त्याची जागा खेळाने पश्चिम घाट अशी दिली आहे. जुने दगडी मंदिरासारखे अवशेष, फिरणारे दगडी दरवाजे आणि सगळ्यावर चढलेलं रान. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर भटकलेल्या माणसाला ती उन्हातली पोपटी पानं ओळखीची वाटतील. या पानांवर झगझगीत हिरवा क्रॉसहेअर दोन्ही अंगांनी हरतो. उजळपणाचं गुणोत्तर दीडच्या आसपास येतं आणि रंगही तोच. कड असेल तर आकार कळतो, पण आतला रंग पानांत विरघळतो. खेळातल्या पात्रांच्या करामतींचीही भर पडते. वायपरचा विषारी धूर हिरवा आहे. हार्बर हे भारतीय पात्र २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, त्याच्या पाण्याच्या भिंती थेट सायनच्या जातीच्या आहेत. म्हणजे सायनलाही शत्रू आहेच. हार्बर ज्या सामन्यात असतो तिथे क्रॉसहेअर मी तरी कडेवरच सोडतो, रंग बदलत नाही. पाण्याची भिंत काही सेकंदांची असते आणि दर सामन्याला रंग बदलला तर डोळ्याची सवय मोडते. ती सवय मला जास्त मोलाची वाटते.

सेटिंगच्या खिडकीत दिसणाऱ्या छोट्या नमुन्यावर विसंबून राहू नये. तिथे चिन्ह स्थिर असतं आणि आपण टक लावून त्याच्याकडेच पाहत असतो, खेळताना यातलं काहीच खरं नसतं. माझा पुतण्या या खेळात मुरलेला आहे. त्याची सेटिंग आम्ही दोघांनी मिळून तपासली ती पद्धत सांगतो. खेळात स्वतःपुरता सामना सुरू करता येतो. त्याने एकट्यासाठी आइसबॉक्स उघडला. बर्फाच्या भिंतीसमोर उभं राहून तो नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे न्यायचा आणि झटकन मध्यावर आणायचा. अर्धपारदर्शक कड असताना नजर मध्यावर आल्यावर क्षणभर अडखळत होती. “काका, आहे तिथे, पण शोधावा लागतोय,” असं तो म्हणाला. कड गडद केल्यावर ते अडखळणं थांबलं. तोच खेळ त्याने आकाशाकडे पाहून, काळोख्या बोगद्यात आणि मग लोटसच्या पानांसमोर केला. चारही ठिकाणी नजर न शोधता थेट चिन्हावर आली की काम झालं. बाकीचे मॅप पाहायची फारशी गरज उरत नाही, कारण उजळ, मध्यम, गडद आणि हिरवं हे सगळं यात येऊन जातं.

ज्यांना स्वतःच्या डोळ्यावर भरवसा नाही त्यांच्यासाठी आणखी एक खात्रीची तपासणी आहे. त्याच ठिकाणी उभं राहून पडद्याचा फोटो म्हणजे स्क्रीनशॉट घ्यावा आणि कुठल्याही फोटोच्या ॲपमध्ये त्याचे रंग शून्यावर आणून तो कृष्णधवल करावा. करड्या चित्रातही क्रॉसहेअर स्पष्ट दिसला तर तो उजळपणाच्या जोरावर उभा आहे. रंग काढताच तो गायब झाला तर इतके दिवस तो केवळ रंगाच्या भरवशावर होता आणि घाईच्या क्षणी दगा देणार. आमच्या जुन्या सेटिंगचा बर्फावरचा फोटो असा करड्यात आणला तेव्हा चार रेघांच्या जागी नुसती पुसट छटा उरली होती.

आता अशा दोन गोष्टी ज्यांचा रंगाशी संबंध नाही, पण क्रॉसहेअर गायब मात्र त्या करतात. गोळीबार सुरू झाला की रेघा बाहेर पसरतात आणि वरची रेघ फिकट होत जाते, अशी मूळ सेटिंग असते. सलग गोळ्या झाडताना नेम सैल होतो हे खेळाडूला कळावं म्हणून ती ठेवलेली आहे. नवशिक्याला तिचा खरोखर उपयोग होतो, कारण केव्हा थांबायचं हे तो त्यावरून शिकतो. पण ते एकदा अंगवळणी पडलं की भर लढाईत चिन्ह विस्कटणं परवडत नाही. वर दिलेल्या कोडमधले `f;0` आणि `0f;0` हे त्यासाठीच आहेत. त्यांनी फिकट होणं आणि पसरणं, दोन्ही बंद होतं. अगदी नव्या खेळाडूने `0f;0` काही आठवडे वगळलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट मॉनिटर. अंधारातला शत्रू दिसावा म्हणून अनेक मॉनिटरमध्ये काळा भाग उजळ करायची सोय असते आणि मुलं ती शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतात. त्याने काळी कड करडी होते आणि आपण केलेली सगळी मेहनत पातळ होते. पडद्यावर पडणारी खिडकीची किंवा दिव्याची चमकही हेच करते. काळा रंग त्या चमकेपेक्षा जास्त काळा होऊच शकत नाही. दिवा पाठीमागे असेल तर मॉनिटर थोडा वळवून पाहावा. आणि कमी ताकदीच्या लॅपटॉपवर खेळ हलका चालावा म्हणून रिझोल्यूशन उतरवलं असेल तर क्रॉसहेअर मोठा आणि कड जाड दिसू लागते, तेव्हा लांबी आणि जाडी एकेकाने कमी करून पुन्हा बर्फासमोर उभं राहून पाहावं.

लांब पल्ल्याच्या दुर्बिणीच्या बंदुकीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिच्या दुर्बिणीतून पाहताना हा नेहमीचा क्रॉसहेअर नसतो, मध्यावर फक्त एक लहान ठिपका असतो, मुळात लाल. त्याची सेटिंग `Sniper Scope` या वेगळ्या भागात असते. तिथे रंग, अपारदर्शकता आणि जाडी बदलता येते, पण कड लावायची सोय नाही. म्हणजे तिथे एकट्या रंगावरच भिस्त. शत्रू लाल असेल तर हा ठिपका लाल ठेवू नये हे उघड आहे. बर्फावर सायन ठिपका बुडतो आणि अंधारात गुलाबीपेक्षा सायन चांगला दिसतो, म्हणून इथे कुठेतरी तडजोड करावीच लागते. मी अपारदर्शकता पूर्ण आणि रंग गुलाबी ठेवतो, आणि जाडी एका पायरीने वाढवतो. दुर्बिणीच्या काळ्या रेघा चारही बाजूंनी मध्याकडे येत असल्याने नजर तशीही योग्य जागी जाते. ठिपक्याने फक्त शेवटची खात्री द्यायची असते.